पैसे गेले, पीएनआर आला नाही

गणपतीला गावी जायचं म्हणून डोंबिवलीतली एक शिक्षिका सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला आयआरसीटीसीचं संकेतस्थळ उघडून बसली आहे, असं समजू. ठाणे ते कुडाळ, तुतारी एक्स्प्रेस, थर्ड एसी, चार जण. नावं आधीच भरून ठेवलेली आहेत. आठ वाजून दोन मिनिटांनी यूपीआयचा पिन टाकला, फोन थरथरला आणि बँकेचा संदेश आला : खात्यातून ३,६४० रुपये वजा. आयआरसीटीसीच्या पानावरचं चक्र मात्र फिरतच राहिलं. मग पान कोरं झालं आणि सत्राची मुदत संपल्याची ओळ उमटली. तिकीट दिसेना, पीएनआर दिसेना. जागा भराभर संपत आहेत आणि खात्यात आता दुसऱ्यांदा तेवढेच पैसे भरण्याइतकी शिल्लक आहे की नाही, हाही प्रश्न आहे.

प्रसंग कल्पित असला, तरी सणासुदीला कोकणात जाणाऱ्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. अशा वेळी बहुतेक लोक दोनपैकी एक चूक करतात. एक तर पैसे बुडाले असं समजून लगेच दुसरं तिकीट काढतात. नाही तर ‘येतील परत’ म्हणून विसरून जातात आणि महिन्याभराने पासबुक भरताना ती नोंद पुन्हा डोळ्यांसमोर येते. दोन्ही चुका टाळता येतात. त्यासाठी त्या काही सेकंदांत पैसे नेमके कुठून कुठे गेले आणि कुठे थांबले, हे कळायला हवं.

पानावर ‘पैसे भरा’ हे बटण दाबलं की आयआरसीटीसी त्या व्यवहाराला स्वतःचा एक क्रमांक देते आणि प्रवाशाला पेमेंट गेटवेच्या हवाली करते. गेटवे यूपीआयच्या यंत्रणेला विचारतो, यूपीआय प्रवाशाच्या बँकेला विचारते, बँक खात्यातून रक्कम वजा करते आणि ‘झालं’ असा निरोप त्याच वाटेने उलटा पाठवते. हा निरोप आयआरसीटीसीपर्यंत पोचला की मगच ती रेल्वेच्या मुख्य आरक्षण यंत्रणेकडे तिकीट मागते. ही यंत्रणा ‘क्रिस’ या रेल्वेच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेची. आयआरसीटीसीचं संकेतस्थळ हे तिचं दुकान म्हणावं असं आहे. आसन वाटलं जातं ते क्रिसच्या यंत्रणेत, आणि दहा आकडी पीएनआर जन्माला येतो तोही तिथेच.

म्हणजे पैसे आधी, आसन नंतर. पैसे कापले गेले त्या क्षणी तिकीट कुणीच राखून ठेवलेलं नसतं. रिक्षात बसायच्या आधीच भाडं द्यावं तसा हा प्रकार आहे आणि सगळा घोळ या क्रमातून होतो.

घोळ होण्याच्या जागा मुख्यतः दोन. पहिली जागा परतीच्या निरोपाची. बँकेने पैसे कापले, पण ‘झालं’ हा निरोप वाटेत अडकला किंवा मुदत उलटल्यावर पोचला. आयआरसीटीसीच्या दृष्टीने पैसे आलेच नाहीत, म्हणून तिने तिकीट मागितलंच नाही. दुसरी जागा त्यापुढची. निरोप वेळेत पोचला, पैसे जमा झाले, पण तोवर आसनं संपली किंवा आरक्षण यंत्रणेने उत्तर दिलं नाही. इथे आयआरसीटीसीला पैसे मिळाल्याचं माहीत असतं आणि ते परत द्यायचे आहेत हेही माहीत असतं.

प्रवाशाला दोन्ही वेळा दिसतं ते एकच : खात्यातून रक्कम गेलेली आणि हाती काही नाही. परतीची वाट मात्र वेगळी असते. पहिल्या प्रकारात बँक, गेटवे आणि आयआरसीटीसी यांच्या हिशेबांचा मेळ घालताना हा बेवारस व्यवहार सापडतो आणि उलटवला जातो. दुसऱ्या प्रकारात आयआरसीटीसी स्वतः नवा परतावा पाठवते. तक्रार कुणाकडे करायची हेही यावरूनच ठरतं, म्हणून हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

पण परताव्याच्या आधीचा प्रश्न असा, की तिकीट खरंच निघालेलं नाही, हे कशावरून?

संदेश आला नाही म्हणजे तिकीट नाही, असं धरून चालता येत नाही. मोबाइलवरचा संदेश उशिरा येतो, कधी येतही नाही. पान कोरं झालं हाही पुरावा नव्हे, कारण ते फक्त प्रवाशाच्या ब्राउझरचं मरण असतं. मागच्या बाजूला बँक आणि आयआरसीटीसी यांचे संगणक आपसात बोलतच असतात. बँकेचं उत्तर जरा रेंगाळून पण मुदतीत पोचलं, तर तिकीट निघतं. प्रवाशाला मात्र तोवर चूक दिसलेली असते.

पाहण्याची खरी जागा आयआरसीटीसीच्या खात्यात आहे. पुन्हा लॉगिन करून ‘My Account’ मधल्या ‘My Transactions’ मध्ये जायचं. तिथे ‘Booked Ticket History’ आणि ‘Failed Transaction History’ अशा दोन वेगळ्या याद्या आहेत. पहिल्या यादीत व्यवहार दिसला आणि त्यापुढे पीएनआर असला, तर तिकीट निघालं आहे. संदेश न येवो, ईमेल न येवो, ते तिकीट वैध आहे आणि तिथूनच पुन्हा उतरवून घेता येतं. दुसऱ्या यादीत दिसला तर तिकीट निघालेलं नाही हे आयआरसीटीसीनेच कबूल केलं आहे. दोन्हींत नसला तर व्यवहार अजून अधांतरी आहे, थोड्या वेळाने पुन्हा पाहावं.

शिक्षिकेने आठ वाजून पाच मिनिटांनी पहिली यादी पाहिली. रिकामी. दुसरीही रिकामी. यूपीआयच्या ॲपमध्ये व्यवहारापुढे ‘Processing’ लिहिलेलं.

या क्षणी बोट सारखं ‘रिफ्रेश’वर जातं, पण त्याचा उपयोग नाही. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय कोलमडली होती. एप्रिलच्या वेळचं एक कारण असं निघालं, की काही बँकांच्या यंत्रणा अडकलेल्या व्यवहारांची स्थिती पुन्हापुन्हा विचारत राहिल्या आणि त्या चौकशांच्या भारानेच यंत्रणा वाकली. त्यानंतर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने नियम घातला, की व्यवहाराची स्थिती विचारायची तर आधी ९० सेकंद थांबायचं आणि दोन तासांत तीनदाच विचारायचं. पहिल्या दीड मिनिटात ॲप जे दाखवतं ते शेवटचं उत्तर नसतं, एवढं यातून घ्यायचं.

मग दुसरं तिकीट काढावं की थांबावं? याचं उत्तर तिकीट कोणतं आहे यावर अवलंबून आहे. साधं आरक्षण असेल, प्रवासाला दोन महिने असतील आणि आसनं संपत असतील, तर दुसरा प्रयत्न करण्यात शहाणपण आहे. चुकून दोन्ही तिकिटं निघाली तर एक रद्द करता येतं. त्यात प्रतिमाणशी रद्दीकरण शुल्क जातं, पण गावी जाण्याची सोय हातची जात नाही. तत्काळची गोष्ट निराळी. कन्फर्म झालेलं तत्काळ तिकीट प्रवाशाने रद्द केलं तर एक रुपयाही परत मिळत नाही. सकाळी दहाला एसीचं किंवा अकराला स्लीपरचं तत्काळ काढताना पैसे कापले गेले आणि घाईत दुसरं काढलं, नंतर पहिलंही निघालेलं दिसलं, तर त्या एका तिकिटाची पूर्ण रक्कम गेली. तिथे दुसरा पिन टाकण्याआधी तिकिटांची यादी एकदा पाहायलाच हवी, मग त्यात दोन मिनिटं गेली तरी चालतील.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. पैसे कापल्याचा बँकेचा संदेश हा प्रवासाचा परवाना नाही. मुंबईच्या लोकलमध्ये हे रोज कुणाच्या तरी वाट्याला येतं : मोबाइलवरच्या तिकिटाचे पैसे गेले, तिकीट उमटलं नाही, गाडी आली म्हणून माणूस चढला आणि तपासनीसासमोर बँकेचा संदेश धरला. कायद्याच्या लेखी तो विनातिकीट प्रवासी आहे. भाड्याशिवाय किमान २५० रुपयांचा दंड भरावा लागतो, आणि आधी कापलेले पैसे पुढे परत आले तरी दंड परत येत नाही. ॲपमध्ये तिकीट दिसत नसेल तर खिडकीवरचं दुसरं तिकीट काढणं हे खिशाला तेव्हा जड वाटलं तरी परवडतं.

शिक्षिकेची गोष्ट पुढे नेऊ. साडेआठपर्यंत यूपीआयच्या ॲपमध्ये ‘Processing’ जाऊन ‘Success’ आलं. आयआरसीटीसीच्या ‘Failed Transaction History’ मध्ये तोच व्यवहार उमटला. यूपीआय म्हणते पैसे पोचले, आयआरसीटीसी म्हणते तिकीट झालं नाही. दोघेही खरं बोलत आहेत आणि पैसे मधल्या हिशेबात पडून आहेत.

ॲपमधला हा एक शब्द नीट वाचला पाहिजे. तिथे ‘Failed’ असेल आणि तरी पैसे गेले असतील, तर रक्कम बँकांच्या यंत्रणेतच अडकलेली आहे आणि ती बँकेने उलटवायची आहे. बरेचदा ती काही तासांतच परत येते. ‘Success’ असेल तर रक्कम व्यापाऱ्याच्या, म्हणजे इथे आयआरसीटीसीच्या बाजूला पोचलेली आहे. मग बँकेच्या शाखेत जाऊन वाद घालण्यात अर्थ नसतो. तिथला कारकून संगणकात पाहतो, व्यवहार यशस्वी दिसतो, तो तसं सांगतो आणि माणूस हताश होऊन परततो. त्या कारकुनाने खोटं सांगितलेलं नसतं. विचारायचं ठिकाण दुसरं असतं एवढंच.

आता या पैशांसाठी किती दिवस वाट पाहायची, याचं उत्तर रिझर्व्ह बँकेने लिहून ठेवलं आहे. २० सप्टेंबर २०१९ रोजी तिने एक परिपत्रक काढलं आणि १५ ऑक्टोबर २०१९ पासून ते लागू झालं. फसलेल्या व्यवहाराचे पैसे किती दिवसांत परत यायला हवेत आणि उशीर झाला तर ग्राहकाला काय द्यायचं, हे त्यात प्रत्येक पद्धतीसाठी वेगळं सांगितलं आहे. एटीएममधून नोटा न येता खात्यातून रक्कम गेली तर काय, इथपासून त्याची सुरुवात होते. तिकिटाच्या ग्राहकाला लागू पडणारी ओळ अशी : यूपीआयने व्यापाऱ्याला पैसे दिले, खात्यातून रक्कम गेली, पण व्यापाऱ्याकडे खातरजमा पोचली नाही, तर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. कार्डाने संकेतस्थळावर पैसे भरले असतील तरी हीच मुदत. त्यापुढे जितके दिवस उशीर होईल, तितक्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई.

नातेवाइकाला यूपीआयने पाठवलेले पैसे अडकले तर ते दुसऱ्याच दिवशी परत यायला हवेत, असं हेच परिपत्रक सांगतं. व्यापाऱ्याच्या बाबतीत मुदत लांबते, कारण तिथे गेटवे आणि व्यापाऱ्याचा हिशेब मध्ये येतो आणि तो जुळवायला वेळ लागतो. ‘एक दिवसात पैसे यायला हवे होते’ म्हणून बँकेशी भांडणारे लोक बहुधा या दोन ओळींची गल्लत करतात.

दिवस मोजण्याची रीत सोपी आहे. व्यवहाराचा दिवस शून्य धरायचा आणि पुढचे दिवस कॅलेंडरप्रमाणे मोजायचे. रविवार किंवा बँकेची सुट्टी वगळायची नाही. शिक्षिकेचा व्यवहार सोमवारचा, म्हणून मुदत शनिवारी संपते. पैसे शनिवारपर्यंत आले तर भरपाईचा प्रश्न नाही. पुढच्या बुधवारी आले तर रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार असे चार दिवस उशीर झाला आणि ४०० रुपये देणं लागतं.

या परिपत्रकातली सर्वांत मोलाची गोष्ट बहुतेकांना ठाऊकच नाही. ही भरपाई ग्राहकाने मागितल्यावर द्यायची नाही. बँकेने आपण होऊन, तक्रारीची वाट न पाहता ती खात्यात जमा करायची आहे. तसं न झाल्याचं दिसलं, तर परिपत्रकाची तारीख लिहून ती मागण्यात संकोचण्याचं काही कारण नाही. चारशे रुपयांसाठी कशाला, असं म्हणून लोक सोडून देतात आणि त्यामुळेच उशिराची कुणाला झळ बसत नाही.

या नियमाला मर्यादाही आहे. तो फसलेल्या व्यवहारासाठी आहे, म्हणजे ग्राहकाची चूक नसताना जोडणी तुटली, मुदत संपली, निरोप पोचला नाही अशा वेळेसाठी. पैसे व्यवस्थित पोचले, खातरजमाही पोचली, पण आसन संपल्यामुळे आयआरसीटीसीने परतावा करायचा आहे, तिथे पैशाचा व्यवहार यशस्वी झालेला असतो. अशा परताव्याला उशीर झाला तर दिवसाला १०० रुपयांच्या या नियमावर बोट ठेवणं अवघड जातं. ती तक्रार रेल्वेकडची आणि ग्राहक-हक्काची ठरते.

दोन्हींपैकी आपलं प्रकरण कोणतं, हे कसं ओळखायचं? फसलेल्या व्यवहाराच्या तपशिलात आयआरसीटीसीने परतावा पाठवल्याची नोंद किंवा तारीख दिसत असेल, तर पैसे तिच्याकडे आले होते आणि तिने ते पाठवले आहेत. मग बँकेला विचारायचं ते परताव्याच्या संदर्भ क्रमांकासह : हा परतावा आला का, आला तर कोणत्या तारखेला जमा केलात? अशी नोंदच नसेल तर आयआरसीटीसीला विचारायचं, की या व्यवहाराची रक्कम तुमच्याकडे पोचली का.

या विचारपुशीत माणसं अडखळतात ती क्रमांकांपाशी. एकाच व्यवहाराला दोन नावं असतात. आयआरसीटीसीचा व्यवहार क्रमांक आयआरसीटीसीलाच कळतो. बँकेला तो सांगितला तर तिला काहीच सापडत नाही. बँकेला कळतो तो यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, जो ॲपमध्ये ‘UTR’ किंवा ‘UPI Ref No’ या नावाने दिसतो. तक्रारीत दोन्ही लिहिले, तर एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दुवा तुटत नाही.

शिक्षिकेने मंगळवारी आयआरसीटीसीच्या care@irctc.co.in या पत्त्यावर लिहिलं. मजकूर चार ओळींचा होता : “सोमवारी सकाळी ८.०२ वाजता ठाणे ते कुडाळ, चार प्रवासी, यूपीआयने ३,६४० रुपये भरले. बँकेतून रक्कम वजा झाली आहे, यूपीआयमध्ये व्यवहार यशस्वी दिसतो, आपल्याकडे तो फसलेल्या यादीत आहे. आपला व्यवहार क्रमांक आणि यूपीआयचा संदर्भ क्रमांक खाली दिला आहे. रक्कम आपल्याकडे पोचली आहे का आणि परतावा पाठवला असल्यास त्याची तारीख व संदर्भ क्रमांक कळवावा.” सोबत खात्याच्या उताऱ्यातली ती एक नोंद आणि फसलेल्या यादीचं चित्र जोडलं. राग नाही, पाल्हाळ नाही, आणि शेवटी असा एक प्रश्न की ज्याचं उत्तर हो किंवा नाहीच द्यावं लागेल. १४६४६ या मदतक्रमांकावर फोन करूनही हे विचारता येतं, पण लेखी नोंद राहते ती पुढे उपयोगी पडते.

त्याच दिवशी तिने यूपीआयच्या ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रारही नोंदवली. प्रत्येक ॲपमध्ये व्यवहार उघडल्यावर मदतीचा किंवा तक्रारीचा पर्याय असतो. तिथे केलेली तक्रार यूपीआयच्या वाद-निवारण यंत्रणेतून संबंधित बँकांकडे जाते आणि तिला क्रमांक मिळतो. हा क्रमांक लिहून ठेवायचा.

काही जण या टप्प्यावर टीडीआर भरायला जातात आणि अडतात. टीडीआर ही निघालेल्या तिकिटाचा परतावा मागण्याची सोय आहे : गाडी फार उशिरा आली, एसी बंद होता, अशा कारणांसाठी. ती पीएनआरशिवाय भरताच येत नाही. प्रतीक्षा यादीतलं ई-तिकीट आरक्षण तक्ता लागल्यावरही प्रतीक्षेतच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि थोडं शुल्क कापून पैसे येतात, तोही वेगळा मामला, कारण तिथे तिकीट निघालेलं होतं. फसलेल्या व्यवहारात मात्र रद्दीकरण शुल्क कापण्याचा प्रश्नच येत नाही. कापलेली रक्कम जशीच्या तशी यायला हवी, सुविधा शुल्कासकट, आणि ज्या खात्यातून किंवा कार्डातून गेली तिथेच. परतावा ‘दुसऱ्या खात्यात घेतो’ म्हणण्याची सोय नाही. म्हणून भावाच्या कार्डाने तिकीट काढलं असेल तर भावाचा उतारा पाहायचा.

एखाद्या खासगी ॲपवरून किंवा एजंटकडून तिकीट काढलेलं असेल तर वाट आणखी एका वळणाने जाते. रेल्वेकडून आलेला परतावा आधी त्या मध्यस्थाकडे जातो आणि तिथून ग्राहकाकडे. तक्रार मध्यस्थाकडेच करायची, कारण आयआरसीटीसीच्या नोंदीत ग्राहक तोच असतो. पीएनआर निघाला की नाही हे मात्र त्याच्या शब्दावर न सोडता रेल्वेच्या पीएनआर चौकशीत स्वतः पाहावं.

तक्रार करताना सर्वांत मोठा धोका पैशांच्या उशिराचा नसून ठकांचा आहे. माणूस वैतागून समाजमाध्यमावर लिहितो, सोबत फोन नंबर आणि तिकिटाचं चित्र टाकतो. काही मिनिटांत गोड आवाजाचा फोन येतो : रेल्वेकडून बोलतोय, परतावा द्यायचा आहे, ही लिंक उघडा. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या एका महिलेने भुजच्या तिकिटांबद्दल ट्विटरवर आपला नंबर देऊन विचारणा केली होती. फोन आला, लिंक आली, दोन रुपये भरायला सांगितले गेले, आणि खात्यातून सुमारे ६४ हजार रुपये गेले. ही बातमी तेव्हा वर्तमानपत्रांत ठळकपणे आली होती.

परतावा घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन फक्त पैसे देण्यासाठी असतो. लिंक, ओटीपी, फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारं ॲप, यांपैकी कशाचीही गरज परताव्याला नसते. तसं कुणी मागितलं तर तो ठकच. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर गुन्हे मदतक्रमांकावर कळवायचं, कारण पहिल्या काही तासांतच रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येते.

समजा शनिवार उलटला आणि पैसे आले नाहीत. आता बँकेकडे लेखी तक्रार करायची, आणि तीत २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाचा उल्लेख करून मूळ रकमेसह रोजच्या १०० रुपयांची मागणी करायची. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. २०२१ पासून देशभरासाठी ही एकच योजना झाली आहे. cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार भरायची, वकील लागत नाही, फी लागत नाही. काही अडलं तर १४४४८ या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते. लोकपालाकडे थेट पहिल्याच दिवशी गेलं, तर ‘आधी बँकेकडे जा’ म्हणून तक्रार परत येते. म्हणूनच मंगळवारची ती ईमेल आणि ॲपमधला तक्रार क्रमांक जपून ठेवायचा.

लोकपालाचं अधिकारक्षेत्र बँका आणि पैशांच्या यंत्रणा यांच्यापुरतं. बँकेने ‘पैसे आयआरसीटीसीला दिले, हा पुरावा’ असं दाखवलं, तर गाठ आयआरसीटीसीशी असते. तिथे केंद्र सरकारच्या pgportal.gov.in या तक्रार संकेतस्थळावर रेल्वे मंत्रालयाच्या नावाने लिहिता येतं आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. बँकेचं ते लेखी उत्तर इथे सर्वांत मोठा पुरावा ठरतं.

पुढच्या वेळी हा फेरा टाळण्याचा एक मार्ग आयआरसीटीसीकडेच आहे. तिच्या स्वतःच्या ‘iPay’ या पेमेंट पर्यायात ऑटोपे आहे. त्यात यूपीआयवर रकमेला फक्त संमती दिली जाते. रक्कम खात्यात अडवून ठेवली जाते आणि पीएनआर निघाल्यावरच वजा होते. तिकीट झालं नाही तर अडवलेली रक्कम मोकळी होते, परताव्याचा प्रवासच करावा लागत नाही. आयआरसीटीसीच्या ई-वॉलेटमध्ये आधी पैसे भरून ठेवले तर बँकेपर्यंतचा फेराच वाचतो आणि फसलेल्या व्यवहाराची रक्कम तिथल्या तिथे वॉलेटमध्ये परत पडते. तत्काळसाठी, जिथे मिनिटांना किंमत आहे आणि दुहेरी तिकिटाचा भुर्दंड पूर्ण रकमेचा आहे, तिथे या दोन पद्धती साध्या यूपीआयपेक्षा नक्कीच उजव्या आहेत. मात्र वॉलेटमध्ये पडून राहिलेल्या पैशांवर व्याज मिळत नाही, म्हणून गरजेपुरतेच भरावेत.

शिक्षिकेचे ३,६४० रुपये बुधवारी दुपारी, नवव्या कॅलेंडर दिवशी आले. उताऱ्यात नोंद उमटली, रक्कम पूर्ण होती, पण त्यासोबत ४०० रुपये नव्हते. तिने त्याच संध्याकाळी बँकेच्या तक्रारीला उत्तर म्हणून एवढंच लिहिलं : “मूळ रक्कम मिळाली, तारीख नोंदवून घेतली. आयआरसीटीसीकडे खातरजमा पोचली नव्हती, म्हणून पाच दिवसांच्या मुदतीनंतरच्या चार दिवसांची भरपाई अजून जमा झालेली नाही. ती होईपर्यंत तक्रार बंद करू नये.”